जाहिरातीतील गाण्याचा शोध

दूरचित्रवाणीवर सध्या दाखवल्या जाणाऱ्या जाहिरातीत वाजणारे गाणे कोणते, हे जाहिरातीतली वस्तू, दृश्य आणि कानात राहिलेले दोन-चार सूर यांवरून शोधून काढणे. येथे परवाना घेऊन वापरलेल्या गाण्यांचाच विचार केला आहे, म्हणजे जाहिरातीआधीच अस्तित्वात असलेल्या आणि हक्कदारांना पैसे देऊन घेतलेल्या गाण्यांचा. जाहिरातीसाठी मुद्दाम बांधलेली जिंगल हा वेगळा प्रकार आहे. ती बाजारात कुठे मिळतच नसल्याने तिचा शोध बहुधा संगीतकाराच्या नावापाशी संपतो.

अशा गाण्यासाठी दोन परवाने लागतात. शब्द आणि चाल, म्हणजे रचना, चित्राला जोडण्याचा परवाना प्रकाशकाकडून घ्यावा लागतो. त्याला सिंक परवाना म्हणतात. एखाद्या गायकाने गायलेले विशिष्ट ध्वनिमुद्रण वापरायचे असेल तर मास्टर परवाना वेगळा, आणि तो बहुतेकदा ध्वनिमुद्रण कंपनी देते. शोध घेणाऱ्याने हा भेद आधी समजून घ्यावा, कारण ‘हे गाणे कोणते’ या एका प्रश्नात ‘रचना कोणती’ आणि ‘मुद्रण कोणाचे’ असे दोन प्रश्न दडलेले असतात. जाहिरात कंपनीने फक्त पहिला परवाना घेऊन गाणे दुसऱ्याकडून गाऊन घेतले असेल, तर मूळ गायकाचे नाव सापडूनही उत्तर चुकते.

ध्वनिठसा कुठे अडतो

पहिला उपाय सर्वांना ठाऊक असतो: जाहिरात लागली की फोनवर शाझॅमसारखे ॲप चालू करायचे. ही सेवा ब्रिटनमध्ये 2002 साली सुरू झाली तेव्हा 2580 हा क्रमांक फिरवून फोन स्पीकरजवळ धरावा लागे आणि उत्तर संदेशाने येई. तत्त्व तेव्हापासून तेच आहे. आवाजाच्या आलेखात ठळक दिसणारी शिखरे निवडायची, त्यांच्या जोड्या लावायच्या आणि दोन कंपनसंख्या व त्यांच्यामधले वेळेचे अंतर यांचा ठसा साठ्यातल्या ठशांशी ताडून पाहायचा. खोलीतल्या गोंगाटात काही शिखरे बुडाली तरी उरलेल्या जोड्यांवर काम भागते.

पण हा ठसा रचनेचा नसून मुद्रणाचा असतो. तेच गाणे दुसऱ्याने गायले की शिखरे बदलतात. जाहिरातीत बसवण्यासाठी गाण्याचा वेग किंवा पट्टी थोडी बदलली असेल, तरी कंपनसंख्या आणि अंतरे दोन्ही सरकतात आणि ॲप गप्प बसते. सर्वाधिक त्रास मात्र निवेदकाचा होतो. निवेदन सुरू झाले की संगीत खाली ओढले जाते आणि बोलण्याची शिखरे वर येतात. म्हणून 30 सेकंदांच्या जाहिरातीत ॲपला ऐकवायचा तुकडा नीट निवडावा लागतो. साधारणपणे निवेदनाच्या आधीचे पहिले काही क्षण सर्वांत स्वच्छ असतात. शेवटचे तीन-चार सेकंद टाळलेले बरे, कारण तिथे अनेकदा कंपनीची स्वतःची ओळखधून वाजते. दूरचित्रवाणीवर हा तुकडा पकडणे जवळजवळ अशक्य असते, कारण ॲप उघडेपर्यंत तो निघून गेलेला असतो. जाहिरातदाराच्या अधिकृत व्हिडिओ वाहिनीवर तीच जाहिरात शोधून थांबवत-थांबवत वाजवणे सोपे जाते. तिथे अनेकदा 60 सेकंदांची किंवा त्याहून मोठी आवृत्तीही असते. लहान आवृत्तीत कापून टाकलेली गायलेली ओळ त्या मोठ्या आवृत्तीत सापडते आणि शोध तिथेच संपतो.

दोन-चार सुरांची किंमत

गुणगुणून शोधण्याच्या सोयी चालीचे वळण पाहतात, त्यामुळे मुद्रण वेगळे असले तरी चालते. गूगलने ही सोय 2020 मध्ये आणली, साउंडहाउंडमध्ये ती त्याआधीपासून आहे. 10 ते 15 सेकंद गुणगुणणे अपेक्षित असते. इथेच अडचण येते, कारण जाहिरात संपल्यावर माणसाच्या कानात बहुधा पाचच सूर उरलेले असतात.

पाच सुरांत किती माहिती असते ते मोजता येते. डेनिस पार्सन्स यांनी 1975 मध्ये छापलेल्या धूनकोशात चालीचे फक्त वळण नोंदवण्याची एक युक्ती वापरली होती. प्रत्येक सूर आधीच्या सुरापेक्षा वर गेला तर U, खाली आला तर D आणि तोच राहिला तर R. पहिल्या सुरासाठी फक्त तारा. बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीतली प्रसिद्ध धून सरगमात ग ग म प प म ग रे सा सा रे ग ग रे रे अशी येते. तिची नोंद अशी होते:

```
*RUURDDDDRUURDR
```

म्युझिपीडियासारख्या संकेतस्थळावर हीच अक्षरे टाकून शोध घेता येतो. स्वरज्ञान असण्याची गरज नाही, वर की खाली एवढे कळले की पुरे. पण हिशोब पाहावा. पाच सुरांमध्ये चार पायऱ्या, प्रत्येकीला तीन शक्यता, म्हणजे एकूण 81 वळणे. जगातली सगळी गाणी या 81 खणांत वाटली तर एकेका खणात केवढा ढीग पडेल! वरच्या धुनेप्रमाणे 15 सूर आठवत असतील तर 14 पायऱ्या होतात आणि शक्यता 47,82,969 वर जातात. तेव्हा पाच सुरांवरून गाणे शोधायला बसणे व्यर्थ आहे. मात्र समोर सहा उमेदवार असतील तर त्यांतला एक निवडायला हेच पाच सूर पुरतात. म्हणून काम उलट्या क्रमाने करावे: वस्तू आणि दृश्य यांवरून उमेदवार गोळा करावेत, आणि सूर अखेरच्या निवाड्यासाठी राखून ठेवावेत.

गुणगुणताना आणखी एक चूक सर्रास होते. लक्षात राहिलेला तुकडा अनेकदा गायकाची चाल नसून गिटारचा किंवा तालवाद्यांचा फिरता तुकडा असतो. या सोयी मुख्यतः गायलेल्या चालीवर बेतलेल्या असल्याने तो तुकडा कितीही अचूक गुणगुणला तरी भलतीच गाणी पुढे येतात.

दृश्याचे वर्णन

‘त्या गाडीच्या जाहिरातीतले गाणे’ असे म्हणून काही हाती लागत नाही, कारण एकच कंपनी एका वर्षात अनेक जाहिराती काढते. वस्तूचे नेमके नाव, दृश्यातली एखादी विचित्र गोष्ट, पडद्यावरचे घोषवाक्य, आवाज बाईचा की पुरुषाचा, एखादे ठळक वाद्य आणि ऐकू आलेला एखादा शब्द इतके टिपावे. जाहिरात कोणत्या देशात पाहिली हेही लिहावे. परवाना ठरावीक प्रदेशासाठी, माध्यमासाठी आणि मुदतीसाठी असतो, त्यामुळे तीच चित्रे दुसऱ्या देशात दुसऱ्याच गाण्यावर दाखवली जातात. मुदत संपली की व्हिडिओ काढून टाकला जातो किंवा संगीत बदलून पुन्हा चढवला जातो. जाहिरात चालू असतानाच शोध उरकावा तो यासाठी.

ऐकू आलेल्या शब्दांवर फार विसंबू नये. ओळ अवतरणचिन्हांत घालून शोधली आणि एक शब्द चुकला की निकाल शून्य. अवतरणचिन्हे काढून, फक्त खात्रीचे तीन-चार शब्द टाकणे जास्त फळते. शिवाय संपादक गाण्याच्या मधल्या ओळी गाळून मुखडा पुढे जोडतात, त्यामुळे जाहिरातीत सलग वाटणाऱ्या दोन ओळी मूळ गाण्यात एकमेकींजवळ नसतातही.

एक उदाहरण

2005 मध्ये सोनी कंपनीच्या ब्राव्हिया टीव्हीची जाहिरात आली. सॅन फ्रान्सिस्कोच्या उतरत्या रस्त्यांवरून हजारो रंगीत चेंडू संथ गतीने उसळत येतात, मध्येच पन्हळीतून एक बेडूक उडी मारतो, मागे एकट्या गिटारवर पुरुषाचा हळुवार आवाज. यांतले चेंडू आणि बेडूक हेच खरे धागे, कारण टीव्हीच्या जाहिराती पुष्कळ असल्या तरी उसळत्या चेंडूंची ही एकच. शोध असा घ्यावा:

```
sony bravia bouncy balls san francisco advert song
```

उत्तर ‘हार्टबीट्स’ असे येते, आणि अनेक जण इथेच फसतात. ही रचना द नाइफ या स्वीडिश जोडीची, 2003 च्या ‘डीप कट्स’ या अल्बममधली. ते मुद्रण लावून पाहिले तर सिंथेसायझरचा दणदणीत ठेका आणि बाईचा आवाज ऐकू येतो. चाल जुळते, पण टिपलेले ‘एकटी गिटार, पुरुष’ जुळत नाही. याचा अर्थ रचना बरोबर आणि मुद्रण चुकीचे. त्याच गाण्याच्या इतर गायकांच्या आवृत्त्या पाहिल्या की होसे गोन्सालेस यांचे मुद्रण सापडते, आणि जाहिरातीत तेच आहे. ते ब्रिटनमध्ये 2006 च्या जानेवारीत एकल गाणे म्हणून विक्रीच्या यादीत पहिल्या दहांत पोहोचले ते या जाहिरातीच्या जोरावर. येथे गुणगुणून शोधले असते तर दोघांपैकी कोणाचेही नाव पुढे आले असते. निवाडा आवाज आणि वाद्य यांनीच केला.

खात्री करताना तीन गोष्टी ताडून पाहाव्यात: आवाज, वाद्ये आणि वेग. वेगासाठी जाहिरातीतले 15 सेकंदांतले ठोके मोजून चौपट करावेत आणि मिळालेल्या मुद्रणाशी तुलना करावी. थोडा फरक संपादनाने पडतो. चाल, आवाज आणि वाद्ये जुळूनही वेग पुष्कळ वेगळा असेल, तर त्याच गायकाचे दुसरे मुद्रण, मैफलीतले किंवा पुनर्मिश्रित, शोधावे.

जिथे उत्तर मिळत नाही

काही वेळा रचना सापडते, पण जाहिरातीतले मुद्रण कुठेच नसते. ते फक्त जाहिरातीसाठी गाऊन घेतलेले असते. कधी तर मूळ गायकाची हुबेहूब नक्कल असते. बेट मिडलर यांनी फोर्डच्या जाहिरातीसाठी गायला नकार दिल्यावर जाहिरात संस्थेने गाण्याच्या रचनेचा परवाना घेऊन त्यांच्याच एका माजी साथगायिकेकडून त्यांच्या ढंगात गाऊन घेतले होते. 1988 मध्ये अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने मिडलर यांच्या बाजूने कौल दिला. अशा मुद्रणावर ध्वनिठसा काहीच सांगत नाही, आणि कान मात्र ठामपणे चुकीचे नाव सांगतो.

दुसरा प्रकार संगीत-संग्रहांचा. त्यांतली धून कितीही जाहिरातींना भाड्याने दिली जाते. ॲपने एखादे अनोळखी शीर्षक दाखवले, कलाकाराच्या जागी संग्रहाचे नाव आले आणि धून निव्वळ वाद्यांची असेल, तर ती बहुधा संग्रहातली समजावी. तिची गायलेली आवृत्ती शोधण्यात वेळ घालवू नये, कारण ती बहुतेक वेळा तयारच झालेली नसते.