आर-मूल्य, आरएसआय आणि यू-मूल्य

उष्णतारोधक साहित्य उष्णतेला किती अडवते आणि भिंत किंवा छत तिला किती वाट देते, हे सांगणारी मापे. आर-मूल्य हा रोध आहे, म्हणून आकडा जितका मोठा तितका रोधक चांगला. यू-मूल्य म्हणजे संपूर्ण भिंत, छत किंवा खिडकी यांतून होणारा उष्णतेचा वहनदर. त्यामुळे तिथे लहान आकडा चांगला.

घोटाळा होतो तो आर या एकाच अक्षरामुळे. अमेरिकेत रोध फूट, फॅरनहाइट आणि बीटीयू यांत मोजतात (`ft²·°F·h/BTU`), तर युरोप, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये मेट्रिक एककांत (`m²·K/W`). कॅनडात दोन्ही पद्धती शेजारीशेजारी चालत असल्याने मेट्रिक आकड्याला आरएसआय असे वेगळे नाव आहे, आणि ते खरोखर सोयीचे आहे. ऑस्ट्रेलियात मात्र मेट्रिक आकड्यालाही नुसते आर म्हणतात. या दोन रोधांचे नाते असे :

```
R(US) = RSI × 5.678
RSI   = R(US) × 0.176
```

तीन देशांतील तंतुमय रोधकाची गठ्ठ्यावरची चिठ्ठी वाचून पाहू. अमेरिकी गठ्ठ्यावर आर-१३ आणि जाडी साडेतीन इंच, म्हणजे ८९ मिमी. ऑस्ट्रेलियन गठ्ठ्यावर आर २.५ आणि ९० मिमी. युरोपीय गठ्ठ्यावर जाडी १०० मिमी आणि उष्णतासंवाहकता, म्हणजे लॅम्डा, ०.०३५. नुसते आकडे पाहिले तर अमेरिकी माल पाचपट सरस वाटतो. पण आर-१३ म्हणजे आरएसआय २.२९, ऑस्ट्रेलियन २.५ आहे तसाच, आणि युरोपीय मालात मीटरमधील जाडीला लॅम्डाने भागले की ०.१० ÷ ०.०३५ = २.८६. सर्वांत मोठा आकडा असलेला गठ्ठा तिघांत सर्वांत कमी रोध देतो. जाडीतला फरक काढून टाकायचा असेल तर उलट भागाकार करून प्रत्येकाची लॅम्डा काढावी : अमेरिकी ०.०३९, ऑस्ट्रेलियन ०.०३६, युरोपीय ०.०३५. साहित्याची खरी तुलना या आकड्यांतच होते.

तरीही थोडा फरक उरतो. युरोपात लॅम्डा सरासरी १० अंश सेल्सिअसला जाहीर करतात, अमेरिकेत सुमारे २४ आणि ऑस्ट्रेलियात सुमारे २३ अंशांना. तंतुमय रोधकाची लॅम्डा तापमानाबरोबर वाढते, दर अंशाला ढोबळमानाने अर्धा टक्का. म्हणजे युरोपीय ०.०३५ अमेरिकी तापमानाला सुमारे ०.०३७ होते आणि ऑस्ट्रेलियन मालावरची तिची आघाडी उरत नाही. तापलेल्या छतावर रोधक याहूनही गरम असतो, हे आपल्याकडे विशेष ध्यानात ठेवावे.

हीच लॅम्डा फसवे दावेही उघडे पाडते. स्थिर हवेची लॅम्डा सुमारे ०.०२६ असते. चांगला पॉलियुरेथेन फोम तिच्या थोडा खाली जातो. एखाद्या ४ मिमी चकचकीत फॉइलच्या पत्रकात आरएसआय १ लिहिलेले असेल, तर तिची लॅम्डा ०.००४ येते. इतकी कमी लॅम्डा असली फॉइल देऊ शकत नाही. त्या आकड्यात शेजारची हवेची पोकळी धरलेली असते. पोकळी न ठेवता फॉइल स्लॅबला चिकटवली की तो रोध मिळत नाही.

रोधांची बेरीज होते, यू-मूल्यांची होत नाही. म्हणून यू काढताना सर्व थरांचे आरएसआय आणि आतल्या-बाहेरच्या हवेच्या पृष्ठथरांचा रोध आधी मिळवावा, आणि शेवटी एकदाच व्यस्त घ्यावा (`U = 1/R`). समजा नागपुरातील घराच्या १५० मिमी काँक्रीट स्लॅबवर अमेरिकी आर-१० चा फोम घालायचा आहे. काँक्रीटचा रोध ०.१५ ÷ १.५८, म्हणजे सुमारे ०.१०, आणि पृष्ठथरांचा मिळून ०.२१ धरू. नुसत्या स्लॅबचे यू ३.३ च्या आसपास येते. फोमचे १.७६ मिळवले की एकूण रोध २.०७ आणि यू ०.४८. निवासी इमारतींसाठीच्या इको निवास संहितेत छताची मर्यादा १.२ आहे. ती गाठायला फोमचा रोध फक्त ०.५३ पुरतो, म्हणजे अमेरिकी आर-३. कुणी थेट १० चा व्यस्त घेऊन यू ०.१ मांडले, तर उत्तर जवळपास पाचपट फसते. दोन्ही एकके एकत्र केल्याची ती खूण आहे.

खिडक्यांत हीच चूक उलट्या बाजूने होते. अमेरिकी यू ०.३० हे युरोपीय १.३ पेक्षा कितीतरी चांगले दिसते. यू बदलतानाही ५.६७८ नेच गुणायचे, आणि ०.३० चे मेट्रिक मूल्य १.७ येते. म्हणजे प्रत्यक्षात युरोपीय खिडकी सरस आहे. मात्र दोन्ही आकडे चौकटीसह पूर्ण खिडकीचे आहेत, की एकात फक्त काचेच्या मध्यभागाचे मूल्य दिले आहे, हे आधी पाहावे.