खातरजमेचा ई-मेल (सबमर्सिबल पंपाची खरेदी)

जाहिरातीतल्या छायाचित्रात दिसणारी वस्तू जाहिरातीत नाव दिलेल्याच मॉडेलची आणि अस्सल आहे का, तिची वॉरंटी कोण व कोणत्या अटींवर देणार, हे पैसे भरण्यापूर्वी विक्रेत्याला लेखी विचारणारे पत्र. असे पत्र कोणत्याही वस्तूसाठी लिहिता येते. प्रस्तुत नोंद नाशिक जिल्ह्यातील बागायतदारांच्या बोअरवेलवरील सबमर्सिबल पंपापुरती आहे. निफाड, दिंडोरी, चांदवड भागात द्राक्षबागांच्या एप्रिलमधल्या खरड छाटणीच्या सुमारास पाणी खोल जाते, जुनी मोटर जळते आणि नवी घाईने मागवली जाते. फसगतीलाही तोच हंगाम सोयीचा असतो.

*कायदेशीर स्वरूप.* छायाचित्र दाखवून केलेली विक्री ‘वर्णनानुसार’ मानायची की ‘नमुन्यानुसार’, याविषयी दोन प्रकारे मांडणी होऊ शकते. मालविक्री अधिनियम, १९३० मध्ये कलम १५ वर्णनाविषयी आणि कलम १७ नमुन्याविषयी आहे. नमुना म्हणजे प्रत्यक्ष हाताळता येणारा माल. चित्र उघडून पाहता येत नाही. त्यामुळे छायाचित्र हा वर्णनाचाच भाग धरणे अधिक सयुक्तिक दिसते. दोन्ही बाबी एकत्र असल्या तरी फार फरक पडत नाही, कारण माल नमुन्याशी जुळला पण वर्णनाशी जुळला नाही तर तेवढे पुरेसे नाही, असे कलम १५ मध्येच म्हटले आहे. ई-मेलचे काम इथे सुरू होते. ‘फोटोत दिसतो तोच पंप येईल’ असे उत्तर विक्रेत्याने दिले की चित्र, मॉडेल क्रमांक आणि स्टेजची, म्हणजे पंपात पाणी टप्प्याटप्प्याने वर ढकलणाऱ्या भागांची, संख्या वर्णनात लेखी येतात. इलेक्ट्रॉनिक नोंदींना कायदेशीर मान्यता माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने दिली.

वेळही महत्त्वाची आहे. माल वर्णनाशी जुळत नसेल तर तो नाकारता येतो. पण एकदा स्वीकारला की कलम १३ नुसार बहुधा नुकसानभरपाईच मागता येते. पंप बोअरमध्ये सोडणे ही स्वीकृती ठरण्याचा धोका असतो. म्हणून मोटर आणि पंपावरच्या माहितीच्या प्लेटची पडताळणी क्रेन येण्याआधी करावी.

*छायाचित्राचे वाचन.* सबमर्सिबल संचात मोटर आणि पंप हे दोन वेगळे भाग असतात आणि दोघांचे अनुक्रमांकही सहसा वेगळे असतात. बनावटीचा सर्वांत सोपा प्रकार म्हणजे नामांकित कंपनीच्या मोटरवर स्थानिक जुळणीचा पंप चढवणे. जाहिरातीत बहुधा फक्त मोटरची प्लेट दिसते, आणि तीही कॅटलॉगमधल्या चित्रातली. त्यामुळे ई-मेलमध्ये दोन्ही प्लेटचे नवे छायाचित्र मागावे. शेजारी ऑर्डर क्रमांक आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवायला सांगावे. जुने किंवा दुसरीकडून उचललेले चित्र पाठवण्याला त्याने बराच आळा बसतो.

प्लेटवर अश्वशक्ती किंवा किलोवॅट (५ अश्वशक्ती म्हणजे सुमारे ३.७ किलोवॅट), फेज, व्होल्टेज, हेड, डिस्चार्ज आणि स्टेजची संख्या वाचावी. गडबड बहुतेकदा स्टेजमध्ये होते. समजा, जाहिरातीत ५ अश्वशक्तीचा १० स्टेजचा पंप आहे आणि ठरावीक डिस्चार्जला त्याचे हेड ८० मीटर दिले आहे. म्हणजे एक स्टेज सुमारे ८ मीटर उचलते. आलेल्या पंपात ८ स्टेज असतील तर त्याच डिस्चार्जला हेड ६४ मीटरच मिळेल. पाण्याची पातळी आणि पाइपमधले घर्षण मिळून ७५ मीटर लागत असतील तर मोटर व्यवस्थित फिरेल, पण नळीला पाणी अगदी कमी येईल, आणि शेतकरी बोअर आटल्याचे समजून बसेल. स्टेज कमी तशी पंपाची लांबीही कमी भरते. म्हणून पंपाची लांबी मिलिमीटरमध्ये विचारणे हा स्वस्तातला पडताळा आहे.

आयएसआय चिन्ह असेल तर त्याच्या वर भारतीय मानकाचा क्रमांक (सबमर्सिबल पंपसंचासाठी आयएस ८०३४) आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. हा क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकला की परवानाधारकाचे नाव, पत्ता आणि परवाना चालू आहे की नाही हे दिसते. मात्र याची मर्यादा लक्षात घ्यावी. नकली माल बनवणारा खऱ्या कंपनीचा खरा परवाना क्रमांकच छापतो. क्रमांक चुकला तर माल संशयास्पद असतो. बरोबर निघाला म्हणून अस्सल ठरत नाही. ती खात्री कंपनीच्या ग्राहकसेवेकडे अनुक्रमांक कळवूनच होते.

*मजकूर.* पत्र लहान आणि थोडक्यात उत्तर देता येईल असे असावे. पुढील नमुना पुरेसा आहे :

‘महोदय, आपल्या जाहिरातीतील ५ अश्वशक्ती, थ्री फेज, १० स्टेज सबमर्सिबल पंपाविषयी. सोबत जाहिरातीचे चित्र जोडले आहे. (१) मिळणारा पंप याच मॉडेलचा आहे का? मोटर आणि पंप दोन्ही एकाच कंपनीचे आहेत का? (२) दोन्ही प्लेटचे आजचे फोटो व अनुक्रमांक पाठवावेत. (३) वॉरंटी कंपनीची की दुकानाची? ती बिलाच्या तारखेपासून की उत्पादनाच्या तारखेपासून? (४) वायंडिंग जळाल्यास वॉरंटी लागू आहे का, आणि पंप वर काढण्याचा-सोडण्याचा खर्च कोणाचा? (५) नाशिकमध्ये अधिकृत सर्व्हिस सेंटर कुठे आहे? (६) बिलावर दोन्ही अनुक्रमांक लिहून मिळतील का? उत्तर आल्यावर रक्कम पाठवतो.’

शेवटचे वाक्य गाळू नये. उत्तर न देता फोन करणारे विक्रेते पुष्कळ असतात. ‘काका, बिनधास्त घ्या, ओरिजिनलच आहे’ हे फोनवरचे बोलणे नंतर सिद्ध करणे अवघड जाते. फोन झालाच तर त्यातला मजकूर लगेच ई-मेलने कळवून ‘यात चूक असल्यास कळवावे’ असे लिहावे.

*वॉरंटी.* प्रश्न तीन आणि चारवरच पुढचे वाद होतात. उत्पादनाच्या तारखेपासून मोजली जाणारी वॉरंटी दुकानात पडून राहिलेल्या पंपाच्या बाबतीत निम्मी संपलेली असू शकते. कोरडी चालणे, कमी व्होल्टेज, एक फेज जाणे, वाळू आणि ओव्हरलोड संरक्षण नसलेला स्टार्टर ही वॉरंटी नाकारण्याची नेहमीची कारणे आहेत. ग्रामीण फीडरवर यांपैकी दोन तरी घडतातच. त्यामुळे कोणता पॅनल बसवला म्हणजे वॉरंटी टिकेल, हेही विचारून ठेवावे. जळालेली मोटर आधी गावातल्या रिवाइंडिंगवाल्याकडे उघडली तर दावा बहुधा तिथेच संपतो. बाग वाळत असताना सर्व्हिस सेंटरची वाट पाहणे कठीण, हे खरेच. म्हणून तपासणीला किती दिवस लागतात हा प्रश्न पत्रात जोडावा.

महाराष्ट्रात नोंदलेल्या विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असून ‘२७’ने सुरू होतो. तो जीएसटी पोर्टलवर तपासता येतो. ‘बिल नको असेल तर कमी करतो’ या सवलतीत वॉरंटीही कमी होते, कारण दाव्याला बिल लागतेच.

*तक्रार.* ऑनलाइन बाजारपेठेवरील विक्रेत्याला बनावट किंवा जाहिरातीशी न जुळणारा माल परत घेणे नाकारता येत नाही, असे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० सांगतात. शेतकरी ‘ग्राहक’ ठरतो का, असा आक्षेप विक्रेते घेतात. बियाण्यांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तो फेटाळला. पंपालाही तोच तर्क लावता येईल, असे दिसते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे, म्हणजे इथे नाशिकला, तक्रार करता येते. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षे असते. मूळ ई-मेल हेडरसह जपावेत. केवळ स्क्रीनशॉटवर विसंबू नये. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र जोडण्याची तयारी ठेवावी.