लालबागचा एक दवाखाना बंद होताना: पॅनेल डॉक्टर, गिरणी आणि सोमवारचा दमा

आमच्या डॉक्टरांचा लालबागचा दवाखाना या महिन्याच्या अखेरीस बंद होतो आहे. माझ्या जन्माआधीपासून आमचं घर त्यांच्याकडे जातं. वडिलांची छाती, आईचं ब्लडप्रेशर, आम्हा भावंडांचे गोवर आणि कावीळ, सगळं त्यांच्या कपाटातल्या पिवळट कार्डांवर लिहिलेलं आहे. त्यांना निरोप देताना हा दवाखाना इथे का उभा राहिला आणि त्याने काय केलं, तेही सांगायला हवं. गिरणगावातल्या नव्या पिढीला ते आता कुणी सांगत नाही.

गिरण्यांमुळे लालबाग-परळला कामगारांची वस्ती होतीच, पण चाळीचाळीतून दवाखाने वाढले ते विम्याच्या योजनेमुळे. कामगार राज्य विमा कायदा १९४८ साली झाला आणि १९५४ मध्ये ही योजना मुंबईत सुरू झाली. काही शहरांत सरकारने स्वतःचे दवाखाने काढले. मुंबईत मात्र खासगी डॉक्टरांचं पॅनेल नेमलं गेलं. कामगाराने यादीतला आपल्या जवळचा डॉक्टर निवडायचा आणि त्याच्याकडे नाव नोंदवायचं. डॉक्टरला पैसे मिळायचे ते नोंदलेल्या माणसामागे वर्षाला ठरलेले; कामगार एकदा आला काय किंवा वीसदा आला काय, रक्कम तीच. सुरुवातीला योजनेत फक्त कामगार होता, घरची माणसं पुढे आली. पण बापाला तपासणारा डॉक्टरच पोराचा ताप बघायचा, त्यामुळे तो आपोआप घरचा डॉक्टर झाला. लोक त्याला ‘विम्याचा डॉक्टर’ म्हणत.

आमच्या डॉक्टरांचे वडील या पहिल्या पिढीतले. ते एलसीपीएस होते. परळच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सचा हा लायसन्सचा अभ्यासक्रम. भोर समितीने १९४६ च्या अहवालात एमबीबीएस हीच एक पात्रता ठेवा असं सांगितलं आणि पुढे अशा पदव्या मागे पडल्या. मुलगा मग केईएमच्या जी. एस. मेडिकलमध्ये शिकून एमबीबीएस झाला आणि वडिलांच्याच खुर्चीत बसला. थोरल्या डॉक्टरांच्या काळी कंपाउंडर मोठ्या बरण्यांतून मिक्श्चर भरून द्यायचा. बाटली आपण घरून न्यायची, तिच्यावर तो खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवायचा, एक खाच म्हणजे एक डोस. ते गुलाबी औषध मला आठवतं. पण या दवाखान्याचं खरं मोल त्या कार्डांत आहे.

थोरल्या डॉक्टरांनी एक सवय लावली होती. कार्डावर नाव, वय आणि विमा क्रमांक यांखाली ते ‘खातं’ लिहायचे. ब्लोरूम, कार्डिंग, लूम, यांपैकी काय ते. आणि त्या खात्यात किती वर्षं, तेही. धाकट्या डॉक्टरांनी ही सवय मोडली नाही. माझ्या वडिलांच्या कार्डावर ‘कार्डिंग’ असं लिहिलेलं आहे आणि त्यांचा आजार ओळखला गेला तो त्या एका शब्दामुळे.

गिरणीत कापसाची गाठ फुटते ती ब्लोरूममध्ये. तिथून कापूस कार्डिंगला जातो, तारांच्या दातांवर विंचरला जातो आणि त्याचे पेळू होतात. सगळ्यात जास्त धूळ याच दोन खात्यांत. नुसते कापसाचे तंतू असते तर वेगळं. या धुळीत पानाकाडीचा चुरा असतो, बुरशी असते, आणि कापसावर वाढणाऱ्या जिवाणूंचं विषही असतं. ती वर्षानुवर्षं छातीत गेली की बायसिनोसिस होतो. त्याची सुरुवात विचित्र असते. रविवारची सुट्टी घेऊन माणूस सोमवारी कामावर जातो आणि काही तासांनी त्याची छाती आवळल्यासारखी होते. मंगळवारी त्रास कमी होतो, गुरुवारपर्यंत जातोही. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. काही वर्षांनी मंगळवार-बुधवारही जड जातात, मग आठवडाभर दम लागतो, आणि शेवटी काम सोडलं तरी दम लागतच राहतो. तिथवर पोचलेला आजार आणि बिडीने झालेला जुनाट दमा यांत डॉक्टरलाही फरक करता येत नाही. एक्स-रे घेतला तर त्यात या आजाराची म्हणून अशी खूण दिसत नाही. म्हणजे पुरावा दोनच ठिकाणी असतो: माणसाने सांगितलेल्या हकिकतीत, आणि पाळीच्या आधी आणि नंतर मोजलेल्या श्वासात.

हकिकत ऐकायला वेळ लागतो, आणि चाळीत खोकणाऱ्या माणसाला टीबी ठरवायला तो लागत नाही. वडिलांनाही एका ठिकाणी टीबी सांगितला गेला होता. त्या काळी टीबीचा उपचार म्हणजे स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं आणि वर्ष-दीड वर्ष गोळ्या. टीबी लिहून घेण्यात कामगाराचाही एक स्वार्थ होता. विम्याच्या नेहमीच्या आजारपणात पगाराच्या साधारण निम्मी रक्कम मिळायची, तीही मोजके दिवस. टीबीसारख्या लांबणाऱ्या आजारांना मुदत वाढवून मिळे. दम्याला असं सहज मिळत नसे. वडिलांनी डॉक्टरांना स्पष्टच विचारलं होतं, “डॉक्टरसाहेब, टीबीच लिवा की. रजा तरी मिळंल.”

डॉक्टर म्हणाले, “दादा, आधी थुंकी तपासू. नसलेल्या रोगाची सुई मी तुम्हाला टोचणार नाही.”

तीन वेळा थुंकी तपासली, जंतू मिळाले नाहीत. एक्स-रे स्वच्छ होता. मग डॉक्टरांनी कार्ड उलटून मागच्या भेटींचे वार काढले. तारखा सगळ्या लिहिलेल्या होत्याच. बहुतेक भेटी सोमवारी रात्री किंवा मंगळवारी सकाळी निघाल्या. त्यांच्याकडे पीक फ्लो मीटर होतं. जोरात फुंकर मारली की मिनिटाला किती लिटर वेगाने हवा बाहेर पडते ते काट्यावर दिसतं. सोमवारी पहिल्या पाळीला जाण्याआधी वडिलांनी फुंकर मारली, काटा ४२० वर. पाळी सुटल्यावर थेट दवाखान्यात आले, तेव्हा ३४०. गुरुवारी तोच फरक जेमतेम दहा-वीसचा. पुढचे काही सोमवार डॉक्टरांनी हेच केलं आणि आकडे कार्डावर एकाखाली एक उतरवले. एका सोमवारच्या आकड्यावर विसंबून चालत नाही, हे ते वडिलांना समजावून सांगत. फुंकर कमीजास्त लागते, सर्दी असली तरी आकडा पडतो. दर सोमवारी तीच घसरण आली तरच अर्थ लागतो.

औषधाने हा आजार जात नाही. श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध तेवढ्यापुरतं बरं वाटू देतं. खरा उपाय एकच, धुळीतून माणूस बाहेर काढणं. डॉक्टरांनी गिरणीला पत्र दिलं की यांना कार्डिंगमधून काढून कापडाच्या गोदामात घ्यावं. बिडी सोडायलाही लावली, कारण बिडीने ऱ्हास वेगाने होतो आणि वर ‘हा तर बिडीचा दमा’ म्हणायला समोरच्याला जागा मिळते. पत्राचं उत्तर यायच्या आत १८ जानेवारी १९८२ उजाडला आणि संप सुरू झाला.

या संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत स्वतः एमबीबीएस होते, घाटकोपरला त्यांची प्रॅक्टिस होती. खाणीत काम करणारे पेशंट तपासता तपासता ते कामगारांच्या लढ्यात उतरले. आजार कामाच्या जागी आहे हे दवाखान्यात बसलेल्या माणसाला सगळ्यात आधी दिसतं, असं मला आमच्या डॉक्टरांकडे बघूनही वाटत आलं आहे.

साधारण अडीच लाख कामगार घरी बसले. काम थांबलं की विम्याची वर्गणी थांबते, आणि वर्गणी थांबली की काही महिन्यांनी हक्कही संपतो. म्हणजे घरात पैसा नाही तेव्हाच औषधही बंद. आमच्या डॉक्टरांनी त्या काळात एक वही घातली. पेशंट तपासायचा, औषध द्यायचं, वहीत लिहायचं. पुढे ज्याला जमलं त्याने फेडलं. ज्याला जमलं नाही त्याला त्यांनी कधी आठवण केली नाही. आमच्या घराचं पान आईने बांगडी मोडून फेडलं, आणि बांगडीचं कळल्यावर डॉक्टर तिच्यावर रागावले होते.

त्याच वहीच्या काळात वडिलांच्या कार्डावर एक गोष्ट नोंदली गेली. गिरणी बंद होती, डॉक्टर मात्र दर सोमवारी त्यांना फुंकर मारायला बोलवत राहिले. सोमवारची घसरण थांबली. छाती आवळणं गेलं. पण सकाळचा आकडा ४२० च्या फारसा वर सरकला नाही, आणि वडिलांच्या उंचीच्या आणि वयाच्या माणसाचा आकडा त्याहून बराच जास्त हवा होता. म्हणजे धुळीचा रोजचा मार थांबला, आधी गेलेलं मात्र परत आलं नाही. वडील पुन्हा गिरणीत गेले नाहीत. पुढे वॉचमनची नोकरी केली आणि जिना चढताना दोनदा थांबत राहिले. हा आजार नुकसानभरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टात आहे, पण दावा करायला कोणत्या खात्यात किती वर्षं काम केलं हे दाखवावं लागतं. गिरणीचे कागद कुठे गेले कुणाला ठाऊक. आमच्याकडे डॉक्टरांचं कार्ड होतं.

गिरण्या गेल्या तसा पॅनेलचा धंदाही आटला. नोंदलेली माणसं डोंबिवली, बदलापूर, विरारला गेली, कित्येक कोकणात आणि साताऱ्याकडे परतली. चाळींच्या जागी टॉवर आले. नव्या माणसांच्या सोसायटीत फिजिओथेरपिस्ट आहे, पोटाचा आणि हाडांचा वेगळा डॉक्टर आहे. नुसत्या एमबीबीएसवर गाळा चालवायला तरुण डॉक्टर तयार होत नाहीत, आणि या भागातलं भाडं बघता त्यांना दोष देता येत नाही. डॉक्टरांची मुलगी रेडिओलॉजिस्ट आहे. गाळा पुनर्विकासात जातो आहे.

राहता राहिली कार्डं. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत नोंदी तीन वर्षं जपायला सांगितलं आहे, पण ते दाखल झालेल्या रुग्णांच्या नोंदींबद्दल. दवाखान्याच्या कपाटातल्या कार्डांना तो नियम पुरत नाही. त्यामुळे डॉक्टर ती ज्याची त्याला देत आहेत. माझं कार्ड देताना त्यांनी नव्या डॉक्टरसाठी एक पान वेगळं लिहून दिलं: पेनिसिलिनने अंगावर आलेल्या गांधी, त्याचं साल, चालू गोळ्यांचे डोस, आणि जुना ईसीजी जोडून त्यावर ‘फेकू नये’. पुढे कधी छातीत दुखलं तर नवा ईसीजी याच्या शेजारी ठेवून बघायचा, म्हणजे नवीन काय आणि मुळातच काय ते कळतं.

डॉक्टर, तुम्ही आमच्या बापाचं ऐकून घेतलंत आणि ऐकलेलं लिहून ठेवलंत. आमच्या घरावर तुमचं ऋण आहे.

गिरणीत काम केलेल्यांची बरीच कार्डं अजून कपाटात आहेत. बाहेरगावी गेलेल्यांनी, किंवा त्यांच्या मुलांनी, महिनाअखेरीच्या आत सकाळी दहा ते एक या वेळात येऊन ती न्यावीत. विमा क्रमांक आठवत नसेल तर गिरणीचं नाव आणि खातं सांगा. कपाट त्याच क्रमाने लावलेलं आहे.