रेंजवरच्या नव्या आज्ञा, सीझफायर आणि सुरक्षित जागा : सर्व सदस्यांसाठी सूचना

सर्व सदस्यांस सप्रेम नमस्कार.

येत्या १ तारखेपासून आपल्या १० मीटर आणि २५/५० मीटर रेंजवर पुढील पद्धत लागू होत आहे. आजवर सरावात "थांबा", "बंद करा", "चला, टार्गेट बदलून घ्या" असे ज्याच्या तोंडी येईल ते बोलले जायचे. त्यातला शेवटचा प्रकार सर्वांत वाईट. टार्गेटकडे निघायला सांगितले जायचे, पण बाकीच्यांच्या बंदुका रिकाम्या आहेत की नाहीत, ते कोणी पाहायचेच नाही. आता फक्त चार शब्द चालतील : लोड, स्टार्ट, स्टॉप, अनलोड. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार होणाऱ्या स्पर्धांत हेच शब्द असतात, त्यामुळे सरावातही कानांना तीच सवय लागेल.

"लोड" म्हणजे पेलेट किंवा काडतूस भरा. "स्टार्ट" म्हणजे नेम धरून मारा. १० मीटरवर "स्टार्ट" मिळाल्यावरच पेलेट भरायचे, तिथे वेगळे "लोड" दिले जाणार नाही. हे दोन शब्द कोणालाच अवघड जात नाहीत. गोंधळ होतो तो उरलेल्या दोघांत.

"स्टॉप" म्हणजे फक्त थांबा. बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर, बॅरल टार्गेटकडेच. बोल्ट उघडायचा नाही, बंदूक टेबलावर ठेवायची नाही, मागे वळायचे नाही. "अनलोड" ऐकल्यावरच हात पुढच्या कामाला लावायचा. दोन वेगळे शब्द का, तर "स्टॉप" अचानक येतो. त्या क्षणी काहींच्या बंदुकीत पेलेट असते, काहींच्या नसते. सगळे एकदम घाईने बंदूक उघडू लागले की बॅरल इकडेतिकडे फिरते. आधी सगळे स्थिर, मग रेंज ऑफिसरच्या नजरेसमोर रिकामे करणे, हा क्रम आहे. "स्टॉप"नंतर शॉट सुटला, तर चौकशी होईपर्यंत त्या सदस्याला लाइनवर उभे राहता येणार नाही.

एक अपवाद लक्षात ठेवा. "स्टॉप" ओरडण्याचा अधिकार लाइनवरच्या प्रत्येकाला आहे, नवशिक्यालाही. कोणी लाइन ओलांडताना दिसले, कोणाची बंदूक मागे वळली, तर रेंज ऑफिसरची वाट पाहू नका. "अनलोड" आणि नव्याने "स्टार्ट" मात्र रेंज ऑफिसरच देतील.

आता सीझफायर. समजा १० मीटरवर कागदी टार्गेटचा सराव चालू आहे, आठ लेन भरल्या आहेत आणि "स्टॉप" आला. सहा नंबरच्या लेनवर एअर रायफलमध्ये पेलेट भरून झाले आहे, शॉट सुटलेला नाही. मग "अनलोड" आला. सात जण लिव्हर उघडतात, लोडिंग पोर्टमधून नारिंगी दोरीची सेफ्टी फ्लॅग आत सरकवतात, तिचे टोक बॅरलच्या तोंडाबाहेर येते. सहा नंबरची दोरी आत शिरतानाच अडते. फ्लॅगचे सगळे काम इथेच आहे : पेलेट आत असेल तर दोरी पार जाऊच शकत नाही. म्हणून फ्लॅग बॅरलच्या पूर्ण लांबीची हवी आणि दोन्ही टोके दिसायला हवीत. पोर्टमध्ये नुसता तुकडा खोचून ठेवणे ही फ्लॅग नव्हे. दोरी विकत न मिळाल्यास गवत कापायच्या यंत्राची भडक रंगाची नायलॉन दोरी चालते. ४.५ मिमी बॅरलमधून २ ते ३ मिमी जाडीची दोरी सहज जाते.

सहा नंबरने आता काय करायचे? दोरीने किंवा सळईने पेलेट रेटायचे नाही. बॅरल टार्गेटकडे ठेवून मोकळा हात वर करायचा आणि "पेलेट आत आहे" असे मोठ्याने सांगायचे. रेंज ऑफिसर लेनपाशी येतील, लाइनपुढे कोणी नाही याची खात्री करतील आणि परवानगी दिल्यावर ते पेलेट टार्गेटच्या ट्रॅपमध्ये मारायचे. मग लिव्हर उघडा, दोरी घाला. तोवर बाकी सात जण जागेवरच थांबतील. उशीर होईल, पण सहा नंबरवर वैतागू नका. हात वर करायला लाजणारा सदस्य जास्त धोकादायक.

आठही फ्लॅग डोळ्यांनी पाहिल्यावर रेंज ऑफिसर "लाइन सेफ" म्हणतील आणि लाल दिवा लावतील. दिवा चालू असेपर्यंत बंदुकीला हात लावायचा नाही. साइट फिरवणे, स्लिंग घट्ट करणे, सिलिंडरचा दाब पाहणे, काहीच नाही. दिवा विझल्यावर आणि सगळे लाइनमागे परतल्यावरच पुढची आज्ञा.

२५/५० मीटरवर काडतूस बाहेर काढता येते, म्हणून तिथला क्रम वेगळा. .२२ रायफलचा बोल्ट उघडून काडतूस काढा, चेंबर बघा, फ्लॅग घाला. पिस्तुलात आधी मॅगझिन काढा, नंतरच स्लाइड मागे ओढा. क्रम उलटला तर स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधले पुढचे काडतूस चेंबरमध्ये बसते, आणि हातात मॅगझिन घेतलेल्या माणसाला पिस्तूल रिकामे झाल्यासारखे वाटते. ट्रिगर ओढूनही काडतूस उडाले नाही, तर आपल्या रेंजवर बॅरल टार्गेटकडे ठेवून ३० सेकंद थांबायचे, मगच उघडायचे.

सुरक्षित जागा तीनच आहेत. पहिली फायरिंग लाइन : बंदूक केसमधून काढणे आणि परत ठेवणे इथेच, बॅरल टार्गेटकडे. दुसरी ड्राय फायरची जागा, म्हणजे डाव्या भिंतीसमोरची पिवळी आखलेली पट्टी. तिथे पेलेटचा डबा किंवा काडतुसे न्यायची नाहीत, आणि नेम फक्त त्या भिंतीवर. तिसरी सिलिंडर भरायचा कोपरा. तिथे फक्त सिलिंडर न्या, बंदूक नको. सिलिंडरवरची वैधतेची तारीख उलटली असेल तर तो भरला जाणार नाही, वाद घालू नये. बाकी सर्वत्र, प्रेक्षकांच्या बाकांवर, चहाच्या टेबलावर, पार्किंगमध्येही, बंदूक केसमध्ये बंद. "रिकामीच आहे, फक्त मित्राला दाखवतोय" हे कारण ऐकले जाणार नाही.

लाइनवर उभे राहण्यासाठी आता फायरिंग लाइन कार्ड लागेल. वर्गणी भरलेल्या प्रत्येक सदस्याला अर्ज करता येईल. अर्ज कार्यालयात मिळेल. सोबत सदस्यत्व कार्डाची प्रत, एक फोटो, सही केलेले सुरक्षा हमीपत्र, १८ वर्षांखालील सदस्यांसाठी पालकांची सही आणि स्वतःचे .२२ शस्त्र असल्यास शस्त्र परवान्याची प्रत जोडा. परवान्यावरची शस्त्राची नोंद आणि शस्त्रावरचा क्रमांक जुळतो का, हे घरूनच तपासून या. बरेच अर्ज तिथेच अडतात. अर्ज दिल्यावर रेंज ऑफिसर दहा मिनिटांची प्रत्यक्ष चाचणी घेतील : चारही आज्ञा, फ्लॅग घालणे आणि आत अडकलेल्या पेलेटचा प्रसंग. चुकल्यास त्याच आठवड्यात पुन्हा देता येईल, शुल्क नाही. कार्ड मिळेपर्यंत ड्राय फायरची पट्टी सर्वांना खुली आहे.

आपला,
सचिव