शकशुका मुळात कुठला?

टोमॅटो-मिरचीच्या दाट ग्रेव्हीत अंडी फोडून केलेला शकशुका कॅफेच्या मेन्यूकार्डावर बहुतेक वेळा 'इस्रायली नाश्ता' म्हणून छापलेला असतो. पदार्थ मात्र उत्तर आफ्रिकेतला, ट्युनिशिया आणि लिबियाच्या बाजूचा. तिथल्या अरबी बोलीत शकशुका म्हणजे सरमिसळ. तो फार प्राचीन असल्याचंही सांगतात, पण ते जुळत नाही. टोमॅटो आणि मिरची दोन्ही अमेरिकेतून आलेली. इटलीत टोमॅटोची पहिली लेखी नोंद १५४४ची आहे, आणि तो रोजच्या स्वयंपाकात रुळायला त्यानंतरही बराच काळ गेला. म्हणजे आजचा लालभडक शकशुका तसा अलीकडचाच.

इस्रायलमध्ये तो ज्यू स्थलांतरितांसोबत गेला. १९४९ ते १९५१ या काळात एकट्या लिबियातून तीस हजारांच्या आसपास ज्यू तिथे पोहोचले. त्रिपोलीकरांनी सोबत आपला 'फिलफेल चुमा' नेला. लसूण, लाल मिरची, जिरं आणि शहाजिरं तेलात वाटून केलेली ही चटणी आपल्या लसणीच्या ठेच्याच्या जवळची वाटते. तेल अवीवला लागून असलेल्या याफोतल्या त्रिपोली वळणाच्या खानावळींनी पुढे शकशुका घराघरांतून हॉटेलात आणला.

मुंबईला ही कल्पना नवी नाही. पारशी घरांत 'टमेटा पर ईडु' कित्येक पिढ्या होतं: कांदा, टोमॅटो, आलं-लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, त्यावर फोडलेली अंडी. पारशी माणूस भेंडीवर, बटाट्यावर, सळीवर म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या काड्यांवरही अंडं फोडतो, त्यामुळे हे ट्युनिसहून आलं असं मानायचं कारण नाही. आपल्याकडे अंडी फोडून रस्सा करतात, पण त्यात रस्सा पातळ आणि उकळता असतो. बलक शिजून घट्ट होतो आणि तसाच तो हवाही असतो.

शकशुक्यात सगळी मदार ग्रेव्हीच्या दाटपणावर. चमचा ओढल्यावर तव्याचा तळ क्षणभर दिसला, की खळगे करून अंडी सोडायची. ग्रेव्ही पातळ असेल तर खळगे टिकत नाहीत, पांढरं पसरून त्याच्या चिंध्या होतात. मग आच मंद आणि वर झाकण, कारण खालून शिजणाऱ्या अंड्याचं वरचं पांढरं वाफेनेच धरतं.

खरी अडचण पुढेच आहे. पांढरं साधारण ६२ अंशांना धरू लागतं, पण नीट घट्ट व्हायला ८०च्या आसपास जावं लागतं. बलक मात्र सत्तरीतच गोठतो. तो मऊ राहतो तो केवळ मध्ये असल्यामुळे, उष्णता त्याच्यापर्यंत उशिरा पोहोचते म्हणून. पाच-सहा मिनिटांनी तवा हलवून बघावा. पांढरं दुधी झालं असेल, फक्त बलकाच्या कडेचं किंचित थरथरत असेल, तर गॅस बंद करावा. जाड तव्यात ते ताटात येईपर्यंत धरतं. ते पूर्ण घट्ट होण्याची वाट पाहिली, तर पावाने फोडल्यावर आत पिवळी भुकटी मिळते.