छायाचित्रावरून खोलीचे पूर्वदर्शन

घराचे नूतनीकरण हाती घेण्यापूर्वी, आहे त्या खोलीचा फोटो काढून त्यात संगणकाने निर्माण केलेले फर्निचर, रंग व पडदे बसवायचे आणि खोली पुढे कशी दिसेल ते पाहायचे, अशी ही पद्धती. नकाशावरून उभारलेल्या त्रिमितीय चित्राहून ती वेगळी आहे. त्या चित्रात आधी मापे येतात आणि मग दृश्य. येथे दृश्य आयते मिळते, पण मापे कोठेच नसतात. या पद्धतीच्या बहुतेक अडचणी या एका फरकातून निघतात.

तिचा उगम कोठे धरायचा, याची उत्तरे वेगवेगळी दिली जातात. इंग्लंडमधील उद्यानरचनाकार हंफ्री रेप्टन (१७५२–१८१८) आपल्या ग्राहकांना लाल बांधणीच्या वह्या देत असे. त्यात जागेच्या जलरंगी चित्रावर कागदाची एक झडप चिकटवलेली असे. झडप खाली असताना आजचे दृश्य दिसे, उचलल्यावर सुचवलेले. अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकांतील हे तंत्र काही जण आद्य उदाहरण मानतात. दुसरे मत उगम संगणकीय चित्रणात शोधते. खऱ्या दृश्यात कृत्रिम वस्तू तेथल्याच प्रकाशात उजळून बसवण्याची रीत पॉल डेबेव्हेक यांनी १९९८ मध्ये मांडली. चित्रातील गहाळ भाग आजूबाजूच्या भागावरून भरून काढणारे ‘इनपेंटिंग’ २००० च्या सुमारास संगणकात रूढ झाले. हा शब्द मुळात जुन्या चित्रांची डागडुजी करणाऱ्यांचा. सलग परंपरा दाखवायची तर दुसरे मत अधिक टिकते. तरीही रेप्टनची झडप दुर्लक्षून चालत नाही. ती बदलायच्या भागाएवढीच कापलेली असे आणि उरलेले चित्र दोन्ही दृश्यांना समाईक राही. आजच्या साधनांतील ‘मास्क’ तत्त्वतः हेच करतो.

आजचे रूप डिफ्यूजन प्रकारच्या, चित्रे घडवणाऱ्या संगणकीय प्रतिमानांमुळे आले. त्यांपैकी स्टेबल डिफ्यूजन ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वांसाठी खुले झाले आणि २०२३ च्या आरंभी त्याला मूळ फोटोची रचना राखणाऱ्या कंट्रोलनेटची जोड मिळाली. डिफ्यूजन प्रतिमान फोटोवर विस्कळीत ठिपक्यांचा थर, म्हणजे नॉइज, चढवते आणि तो टप्प्याटप्प्याने उतरवताना सांगितलेले दृश्य घडवते. हा थर किती चढवायचा हे ० ते १ मधल्या आकड्याने ठरते. पडद्यावर त्याला denoising strength म्हणतात. आकडा ०.३ च्या आसपास असेल तर रंग आणि पोत तेवढे बदलतात, जुना दिवाण दिवाणच राहतो. तो ०.७ च्या पुढे गेला की दिवाणाचा सोफा होतो, पण सोबत खिडकीही रुंदावते आणि छत उंचावते. यावर उपाय दोन. मास्क लावला की बदल आखलेल्या भागापुरताच राहतो. कंट्रोलनेट मूळ फोटोतील कोणता भाग कॅमेऱ्यापासून किती दूर आहे ही माहिती किंवा सरळ रेषा काढून घेते आणि नव्या चित्राला त्यांच्याशी बांधून ठेवते. बारीक तपशील मात्र तरीही निसटतो. ५१२ पिक्सेलच्या बाजूचे चित्र आतल्या आत ६४ घरांच्या बाजूवर आकसून हाताळले जाते, म्हणून खिडकीच्या ग्रिलची नक्षी विरघळल्यासारखी होते.

पुण्यातील एका नेहमीच्या उदाहरणावरून मापाचा प्रश्न स्पष्ट होतो. कोथरूडमधील जुन्या सोसायटीतला हॉल आहे असे धरू. जमिनीवर २५ सेंटिमीटरच्या मोझॅक टाइल्स आहेत. बेडरूमच्या दाराच्या चौकटीपासून खिडकीच्या भिंतीपर्यंत सरळ समोर ९ टाइल्स बसतात, म्हणजे सव्वादोन मीटर जागा. तयार झालेल्या चित्रात तेथे तीन माणसांचा सोफा आणि शेजारी दिवा ठेवलेला कोपऱ्यातला टीपॉय दिसतो. सगळे ऐसपैस वाटते. आता सोफ्याचे पुढचे पाय ज्या ओळीवर टेकले आहेत, त्याच ओळीतल्या टाइल्स मोजायच्या. मागच्या ओळीत मोजल्या तर सोफा आहे त्यापेक्षा लांब निघतो, कारण लांबची टाइल लहान दिसते. मोजणी ६ टाइल्सची येते, म्हणजे सोफा दीड मीटरचा. दोन्ही हात पंधरा-पंधरा सेंटिमीटरचे धरून वजा केले तर एका माणसाला ४० सेंटिमीटर उरतात. तेवढ्यात कोणी नीट बसत नाही. दुकानात मिळणारा तीन माणसांचा सोफा साधारण २ मीटर १० सेंटिमीटरचा असतो. तो ठेवला की बाजूला १५ सेंटिमीटर राहतात आणि टीपॉय जातो. चित्र खोटे बोललेले नसते. प्रतिमानाला सोफा ‘शोभेल’ एवढाच करायचा असतो, मावेल की नाही हे त्याला ठाऊकच नसते.

म्हणूनच पहिल्या चित्रात फरशी बदलू नये. व्हिट्रिफाइड टाइल्सची हौस असली तरी ती दुसऱ्या फेरीला ठेवावी, कारण जुनी फरशी हीच खोलीतली फूटपट्टी असते. शहाबादी फरशीच्या घरात फरश्या सारख्या आकाराच्या नसतील, तर दाराची उंची मोजून तिचा आधार घ्यावा. पण तो दाराजवळच्या वस्तूंपुरताच खरा. फोनमधील ०.५ची भिंग टाळावी. तिने कडेच्या वस्तू ताणल्या जातात आणि दहा फुटांचा हॉल वाड्यातल्या दिवाणखान्यासारखा मोठा दिसू लागतो.

दुसरी चूक अधिक महागात पडते. छताखाली उतरलेला बीम, कोपऱ्यात पुढे आलेला कॉलम, स्विचबोर्ड, एसीचा पाइप या गोष्टी प्रतिमान खटकणाऱ्या डागांसारख्या पुसून टाकते. मूळ फोटो आणि नवे चित्र एकावर एक ठेवून आलटून पालटून पाहिले की हे लगेच कळते. खोलीचे कोपरे, बीमची खालची कड, खिडकीची तळकड आणि स्विचबोर्ड एवढ्यांवर नजर ठेवली तरी पुरते. हॉल आणि स्वयंपाकघर यांमधली भिंत चित्रात गेलेली दिसली, तर जुन्या इमारतीत ती भारवाहक असू शकते. स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहिल्याशिवाय त्या चित्रावर पुढचा विचारही करू नये.

रंगाच्या बाबतीत एकाच भिंतीचे चित्रात अनेक रंग असतात. खिडकीजवळचा पट्टा फिका, कोपऱ्यातला गडद. त्यातल्या कुठल्याही पिक्सेलवरून उचललेला रंग डब्यातल्या रंगाशी जुळत नाही, कारण त्यात उजेडही मिसळलेला असतो. क्रम उलटा ठेवावा. शेड कार्डवरून क्रमांक आधी ठरवावा आणि चित्राला त्याच्याजवळ आणावे. फोटो काढताना भिंतीला कोरा पांढरा कागद चिकटवला, तर कॅमेऱ्याने रंगछटा किती हलवली ते नंतर कळते. शेवटी पुट्टी केलेल्या भिंतीवर दोन फूट बाय दोन फुटांचा नमुना लावून तो सकाळी आणि रात्री दिव्याखाली पाहावाच लागतो.

चित्र हाती पडताच सुतार पहिल्यांदा विचारतो, “साहेब, याची मापं?” चित्रातले टीव्ही युनिट अनेकदा भिंतभर अखंड असते, तर प्लायवूडचे शीट आठ फूट बाय चार फुटांचे. दहा फुटी फळीला जोड येणारच. तो कोठे घ्यायचा हे भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला माल घ्यायला जाण्यापूर्वी त्याच्याशी बसून, चित्रावर पेनाने खूण करून ठरवावे.