सत्तर अक्षरांत गंगेचा पूर

नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. पावसाळ्यात तिच्यावरच्या गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिकमध्ये एकच बातमी दोन रूपांत फिरते. एक दोन ओळींची, दुसरी चांगली दोन-तीन परिच्छेदांची. लहान रूपाला ती तोकडी, आज्ञार्थी भाषा कुठून आली, याचं उत्तर 1985 सालच्या एका हिशेबात आहे.

त्या वर्षी जर्मनीत फ्रीडहेल्म हिलेब्रांड यांनी टाइप करून पाहिलं आणि ठरवलं, की बहुतेक वाक्यं 160 अक्षरांत मावतात. मोबाइलच्या एसएमएसला जागा मिळाली 140 बाइटची. रोमन अक्षर सात बिटांत बसतं, म्हणून त्यात 160 अक्षरं मावली. देवनागरीला मात्र प्रत्येक चिन्हामागे दोन बाइट लागतात, म्हणजे आपल्या वाट्याला 70. त्यातही काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. डोळ्यांना पाच अक्षरांचं दिसणारं ‘त्र्यंबकेश्वर’ तिथे तेरा जागा खातं.

आता हा संदेश मोजून पाहा: ‘गंगापूर धरणातून विसर्ग सुरू. दुतोंड्या मारुतीजवळ गाड्या लावू नका.’ मोकळ्या जागा धरून 65. मावला. त्यात ‘कृपया’ घाला, 71 होतात आणि एकाऐवजी दोन एसएमएसचे पैसे पडतात. सौजन्य आधी गळालं ते असं. हाच मजकूर रोमन लिपीत लिहिला तर निम्मी जागा शिल्लक राहते. मराठी पोरं रोमनमध्ये लिहायला लागली त्यामागे देवनागरी कीबोर्ड नसणं होतं, तसा हा हिशेबही होता.

2006 साली ट्विटरने 140ची मर्यादा घेतली तीही एसएमएसवरूनच: 160मधली 20 अक्षरं नावासाठी राखली. पण तिथे देवनागरी चिन्हालाही रोमनइतकाच भाव होता. 2017 साली मर्यादा 280 झाली, तेव्हा जपानी, चिनी आणि कोरियन वगळल्या, मराठीला पूर्ण वाढ मिळाली. 280 म्हणजे मराठीत साधारण चाळीस शब्द, एखादं कारण सांगण्यापुरते.

लांब लिहिण्याची परंपरा याला समांतर चालली. 1996 साली सुरू झालेल्या ‘मायबोली’ या मराठी संकेतस्थळावर अक्षरं मोजायची कुणाला सवय नव्हती. तिथे आधी समोरच्याचं वाक्य उतरवायचं, मग त्याखाली आपलं म्हणणं मांडायचं. किती क्युसेक, कुठल्या वेळी, पाणी रामकुंडापर्यंत यायला किती अवधी, हे सगळं तिथे मावतं. शिवाय लेखनाची तारीख आपोआप वर दिसते.

गडबड होते ती लांबचा मजकूर कापून लहान करताना. पहिल्यांदा तारीख उडते, मग ‘पाऊस वाढला तर’ ही अट. उरतं नुसतं ‘आज पाणी सोडणार’, आणि ते चार दिवसांनीही ‘आज’च असतं. माझ्या मते जागा कमी असेल तेव्हा ‘नागरिकांनी सतर्क राहावे’ खुशाल कापावं. ‘18 ऑगस्ट, दु. 4’ला जेमतेम पंधरा जागा लागतात, त्या सोडू नयेत.